सोनीच्या पत्रिकेतली ओवी

मंडळी, काल चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधलात ना? मग ही गोष्ट मी आधी सांगितली होती की नाही, ते तुम्हाला कुठून आठवणार! नव्हती सांगितली. लाज वाटायची... आज आपल्या ग्रुपवर नात टाइप करतेय आणि मी बोलतेय. मला अक्षर येत नाही, तोंड मात्र भरपूर चालतं.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आम्ही जळगावला मेहरूणमध्ये राहायचो. माझ्या सोनीचं लग्न ठरलं, मुलगा धुळ्याचा. माझे दीर, नाना, शाळेत मराठी शिकवायचे. त्यांनी जाहीर केलं, पत्रिकेवरची ओवी मी लिहिणार आणि तिच्यात एकही उसना शब्द नसणार!

नानांची चाळणी फार बारीक. तारीख, हजर, जरूर... हे अरबी-फारसीतून आलेले, बाहेर. विवाह, निमंत्रण, अक्षता... हे संस्कृतातून जसेच्या तसे उचललेले, तेही बाहेर. आपल्या माणसांच्या तोंडात घासून घासून गुळगुळीत झालेले तेवढे आत. मंडपाचा मांडव झाला, हरिद्रेची हळद झाली, तंडुलाचे तांदूळ झाले... ते आपले.

'लग्न'सुद्धा संस्कृत निघालं! मी म्हटलं, "नाना, पत्रिकेत लग्नच नाही, मग लोक काय बारशाला येतील?"

"वहिनी, ते खाली तारखेपाशी येईल. ओवीत नाही."

"आणि छापखाना कुणाचा?"

"छाप आपला, खाना फारसी."

"मग अर्धीच छापून आणा!" नाना हसले नाहीत.

पण रोज चुलीपाशी येऊन बसायचे. निमंत्रणाला काय म्हणू, वहिनी? मी पोळी लाटता लाटता सांगायचे, आवतण. मला भारी वाटायचं हो... शाळेची पायरी न चढलेल्या बाईला मास्तर शब्द विचारतोय! गल्लीभर मिरवलं मी ते.

'मित्रपरिवार'पाशी गाडी अडली. मित्र संस्कृत, दोस्त फारसी. मी पटकन म्हटलं, "सगेसोयरे घाला की." नानांनी मांडीवर थाप मारली. ओवी अशी झाली...

आंब्याची डहाळी वर, मांडव घातला दारी,
हळदीनं पिवळी झाली लेक आमुची गोरी.
सगेसोयऱ्यांनो, या हो, आवतण घरोघरी,
तांदूळ टाका जोडीवर, जेवा पोटभरी.

पहिली पत्रिका मी शेवंताच्या हातात दिली. शेवंता आमची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण, दवाखान्यात नर्स. ते बौद्ध, आम्ही शेतकरी हिंदू. सोनी तान्ही असताना मला टायफॉइड झाला, तेव्हा शेवंतानं आपल्या लेकराबरोबर तिला अंगावर पाजलं होतं.

हळदीला शेवंता आलीच नाही. मी तणतणत तिच्या घरी गेले. "अगं, पोरगी पिवळी झाली आणि तू भांडी काय घासत बसलीस?"

तिनं हात पुसले, पत्रिका काढली आणि ओवी मला वाचून दाखवली. 'सगेसोयऱ्यांनो'पाशी थांबली. "अक्का, तुमची सोयरीक तुमच्या जातीत. यात मी कुठं बसू ते सांग." रागानं नाही... मीठ-मिरची मागावी इतक्या साधेपणानं म्हणाली.

माझं तोंड एवढंसं झालं. म्हटलं, "मला मेलीला वाचता कुठं येतं!"

"वाचता येत नाही. पण हा शब्द तूच दिला, असं तूच सांगत आली होतीस ना?"

परत येऊन हळदीच्या गोंधळातच नानांना गाठलं. "नाना, 'शेजारी' हा शब्द कुणाचा?"

नाना मांडवाच्या खांबाकडे बघत हळूच म्हणाले, "आपलाच आहे, वहिनी."

म्हणजे चाळणीनं तो अडवला नव्हता. आम्ही दोघांनी तो चाळणीत घातलाच नव्हता... एवढे शब्द शोधले, आणि भिंतीपलीकडचं माणूस आठवलं नाही.

लग्नाला शेवंता आली. जोडीवर तांदूळ टाकले, सोनीच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली, दृष्ट काढली आणि निघाली. मी पंगत सोडून दारापर्यंत धावले. "जेवून जा ग..." "ड्यूटी आहे, अक्का." ड्यूटी नव्हती. तिला ठाऊक होतं, मलाही.

पुढे बोलणं सुटलं नाही आमचं, हसणंही नाही. तिनं तो विषय कधी काढला नाही, हे तिचे उपकार. पण सोनीच्या लग्नाचं ती जेवली नाही, ते माझ्या घशात अजून अडकलंय.

शेवंता हल्ली धुळ्यात मुलाकडे असते, सोनीच्या घराजवळच. आता तिला चाववत नाही म्हणे. सोने, वाचतेस ना? मग खापरावरची पुरणपोळी कर, दुधात मऊ भिजव, वर तूप सोड आणि डबा दुसऱ्या कुणाकडे न देता स्वतः घेऊन जा. लग्नाचं जेवण आहे म्हणावं, आईनं पाठवलंय... आणि तिचं खाऊन होईपर्यंत तिथून उठू नकोस.