अलिबागची खोली

अलिबाग म्हटलं की सगुणाबाईंना समुद्र आठवत नाही, गोदूबाईंच्या चाळीतली ती कोपऱ्यातली खोली आठवते. निवृत्तीनंतर त्या रोह्यातच राहिल्या. संध्याकाळी शेजारणी गप्पांना बसल्या की कशावरून तरी विषय त्या खोलीवर जातोच.

त्यांचं सासर धरमतरच्या खाडीकाठचं, मिठागरातलं. नवरा कान्हू म्हात्रे पेणच्या तहसील कचेरीत शिपाई होता. तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. सगुणा मॅट्रिक झालेली, म्हणून अनुकंपा तत्त्वावर तिला कारकुनाची नोकरी मिळाली. नेमणूक पेणला होईल असं सगळे धरून चालले होते. झाली ती अलिबागला, कलेक्टर कचेरीत. साल एकोणऐंशी, मे महिना.

सासू ठमाबाई म्हणाली, “तू जा गो. पोरांना हिथंच ऱ्हाऊ दे. परक्या गावात पोरांकडं कोन बघल?”

पण थोरली पुतळी पाचवीत जाणार होती आणि गावची शाळा चौथीपर्यंतच. धाकटा केरू दुसरीत, तो आईला सोडून जेवायचा नाही. सगुणानं गुरुजींकडून दोघांचे शाळा सोडल्याचे दाखले घेतले, वडखळला अलिबागची एस.टी. पकडली आणि सिव्हिल हॉस्पिटलात नोकरीसाठी लागणारी तब्येतीची तपासणी करून घेतली. मग ती खोली शोधायला निघाली.

सरकारी क्वार्टरसाठी मोठी यादी होती. तिचा नंबर कधी लागेल हे कुणालाच सांगता येईना. भाड्याची खोली बघायला जावं, तर पहिला प्रश्न एकच, “मालक काय करतात?” कपाळाकडे नजर गेली की खोली एकदम कुणालातरी दिलेली निघायची. ऊन उतरायला लागलं तेव्हा ती गोदूबाईंच्या दारात उभी होती.

“बाई एकटी असली की लोक बोलतात,” गोदूबाई म्हणाल्या. “घरात वडीलधारं कुणी आहे का?”

सगुणाच्या तोंडून निघून गेलं, “आहेत ना. सासूबाई येणार आहेत बरोबर.”

खोली मिळाली. परतीच्या एस.टी.त आपण काय बोलून बसलो ते तिच्या लक्षात आलं. ठमाबाई जन्मात पेणच्या बाजारापलीकडे गेली नव्हती.

रात्री जेवताना तिनं सगळं सांगून टाकलं. ठमाबाईचा हात ताटातच थांबला.

“मला न इचारता माझा बिऱ्हाड मांडलास?”

“चुकलं, आये. पण दुसरं काही सुचलंच नाही.”

मग ठमाबाई पुतळीच्या ताटात भात वाढत म्हणाली, “तथं इस्टो असल तं मी नाय हात लावायची. आवाजाचा भ्या वाटतंय मला.”

जूनमध्ये बिऱ्हाड हललं. सुक्या मासळीचं गाठोडं मांडीवर घेऊन ठमाबाई एस.टी.त बसली. गोदूबाईंशी तिचं पहिल्याच दिवशी नळावरून वाजलं, आणि महिन्याभरात दोघी एकाच सुपात तांदूळ निवडायला लागल्या.

खरी अडचण शाळेत आली. पुतळीच्या बोलण्यातल्या ‘हाय’ आणि ‘नाय’ला वर्गातल्या मुली हसायच्या. तिनं शाळेत जायला नकार दिला. सगुणाला तर कचेरी चुकवता येत नव्हती; नोकरी नवी, त्यात टायपिंगची परीक्षा पास व्हायची होती. ठमाबाईनं नातीचा हात धरला, तिला शाळेत नेलं आणि फाटकाबाहेरच्या चिंचेखाली फतकल मारली. “मी हिथंच हाय,” म्हणाली. घंटा होईपर्यंत ती तिथून हलली नाही. पावसाळाभर हेच चाललं. हळूहळू त्या मुलीच तिच्याभोवती गोष्टी ऐकायला जमू लागल्या.

पुतळी नववी पास झाली त्या मे महिन्यात सगुणाची बदली पेणला झाली. सगळ्यांनी अभिनंदन केलं. ठमाबाईच्या डोळ्यांसमोर तर घरचं अंगणच उभं राहिलं असणार. सगुणा भांडी बांधायला बसली, तेव्हा म्हातारीनंच विचारलं, “पोरीची धावी हाय ना गो? मधीच शाळा बदलून कसा चालल?”

“पण आये, तुला घरी जायचंय ना?”

“घर काय पळून जातंय?”

सगुणानं मुलीच्या दहावीसाठी वर्षभर मुदत मागितली. साहेबांना नवल वाटलं. “लोक घराजवळ बदली मागतात, बाई, आणि तुम्ही नको म्हणता!” मुदत मिळाली. पुतळी चांगल्या गुणांनी पास झाली आणि पुढे नर्सिंगला गेली. पण तोवर पेणची जागा भरली होती. सगुणाच्या वाट्याला रोहा आलं.

ठमाबाईचं गाव राहिलंच. सणावारी जायची तेवढीच. शेवटची सहा वर्षं तिनं रोह्यात, कुंडलिकेच्या काठी काढली, आणि तिथंही तिनं कुणाशीतरी नळावरून भांडण उकरून काढून मैत्रीण केली. “मी खोटं बोलले म्हणून आली ती,” सगुणाबाई शेजारणींना सांगतात, “पण राहिली मात्र स्वतःच्या मनानं.” मग हसतात, आणि कुणाच्या लक्षात येण्याआधी पदरानं डोळे टिपून चहाचं आधण ठेवायला उठतात.