दूध तुटेस्तोवर

छकुलीला दाढा आल्या, ती ठेचा लावलेली भाकर मिटक्या मारत खाऊ लागली, शेळीच्या मागं पळू लागली, आणि हे सगळं करून झालं की आईचा पदर ओढू लागली. तेही भर अंगणात, चार माणसांसमोर. "दुदू" म्हणून असा गळा काढायची की शेजारच्या अंबूबाईनं हातातलं काम टाकून बाहेर यावं. अंबूबाईला तसंही बाहेर यायला निमित्तच लागायचं.

"काय वं पुष्पांजली, घोडी झाली पोरगी. अजून पाजतं तिले?"

पुष्पांजली नुसतं हसायची, लेकीला काखेत मारायची आणि खोलीत जाऊन दार लोटून घ्यायची. जळगाव जामोदच्या बाजाराला वांगी-मिरची नेणारं हे घर. अंगणात दिवसभर पोती, पेट्या आणि माणसं. दार लोटायला मिळणारी ती एकटीच, आणि तेही पाजण्यापुरतं.

छकुलीचा पहिला वाढदिवस झाला तेव्हापासून हे सुरू होतं. केक कापता कापताच नणंद डिंपल म्हणाली होती, "वयनी, आता बंद कर. वर्षाच्या नंतर काहीच नसते त्याच्यात, नुसतं पानी राह्यते." सासूबाई मंजुळाबाईंना हे तत्काळ पटलं. आरोग्य खात्याची आशाताई कोकिळा मात्र सांगून गेली होती की दोन वर्षं पाजावं, त्याच्या पुढंही पाजलं तरी चांगलंच. फक्त वरचं खाणं पोटभर हवं. पण आशाताईचं ऐकायचं ते लसीपुरतं, असा त्या घरचा कायदा होता.

गंमत अशी की पुष्पांजली स्वतःच पाजून पाजून विटली होती. पिता पिता पोरगी दुसऱ्या बाजूला चिमटे काढायची, झोप लागता लागता दात रुतवायची. पहाटे एकदा, दुपारी, संध्याकाळी, झोपताना, शिवाय रात्रीतून जाग येईल तेव्हा. अंग आपलं राहिलंच नाही असं तिला वाटायचं. कधी कधी तर पोरीला बाजूला सारून शेताच्या बांधावर जाऊन एकटीनं बसावंसं वाटायचं, आणि असं वाटलं म्हणून पुन्हा स्वतःचाच राग यायचा.

मग ती थांबवत का नव्हती? तर नवऱ्याच्या एका वाक्यापायी. मंजुळाबाईंनी नातवाचा विषय काढला तेव्हा गोपालनं आईला ठणकावून सांगितलं होतं, "छकुलीचं दूध तुटेस्तोवर दुसऱ्याचं नाव काढाचं नाही कोनी." बिचाऱ्यानं बायकोची बाजू घेतली होती. पण बाजू घेता घेता मुदतही ठरवून टाकली, हे त्याच्या गावीही नव्हतं. त्या दिवसापासून सगळं घर दूध तुटायची वाट बघू लागलं.

छकुलीच्या वेळी पुष्पांजलीचं रक्त थांबत नव्हतं. अंगावर पांघरूण असून ती थडथड कापत होती, आणि भोवतीच्या बायका एकमेकींशी हळू आवाजात बोलू लागल्या होत्या. त्या हळू आवाजाची तिला अजून भीती वाटायची. गोपाल तेव्हा रक्ताच्या पिशव्यांसाठी वणवण फिरला होता. तो विसरला असेल असं नाही. पण पुरुषांना अशी आठवण घडी घालून ठेवता येते, बायकांना ती अंगावर वागवावी लागते. दुसऱ्या बाळाचा विषय निघाला की ती उठून कामाला लागायची. मला भीती वाटते, मला नको, एवढं बोलायचं होतं. पण सुनेनं असं बोलायची त्या घरात रीत नव्हती. म्हणून तिच्या वतीनं दूध बोलत होतं. सहा महिने उलटल्यावर दिवस राहू नयेत म्हणून दुधाच्या भरवशावर राहायचं नाही, असं कोकिळाताईनं बजावलं होतं. त्यामुळे तिच्याकडून निरोधची पाकिटं पुष्पांजली गुपचूप आणायची. गोपालही कुरकुर न करता ऐकायचा, पण तेही दूध तुटेस्तोवरच.

पाजलं तर अंगाचे हाल, सोडलं तर पुन्हा ते सगळं. अशी ती दोन्हीकडून अडकली होती.

उन्हाळ्यात मंजुळाबाईंनी सूत्रं हाती घेतली. आधी कडुनिंबाचा पाला वाटून सुनेला लावायला दिला. छकुलीनं चाखून बघितलं, तोंड वाकडं केलं, फ्रॉकच्या टोकानं सगळं पुसून काढलं आणि निवांत प्यायली. तेव्हा दुसरा उपाय निघाला. डिंपल छकुलीला खामगावला आपल्या घरी घेऊन गेली. "आठ दिसात विसरते लेकरू," असं मंजुळाबाई म्हणाल्या.

लेकरू काय करेल ते करेल, आईच्या अंगाला कोण सांगणार? दोन दिवसांत पुष्पांजलीची छाती दगडासारखी झाली. हात वर होईना. तिसऱ्या दिवशी एका बाजूला लालभडक चट्टा उठला आणि हुडहुडी भरून ताप आला. सासरे अर्जुनराव काही विचारू शकत नव्हते, पण तेच मुकाट्यानं जाऊन कोकिळाताईला घेऊन आले.

कोकिळानं तिला हातानं दूध काढायला लावलं, वर गार पाण्याची पट्टी ठेवली आणि त्याच दिवशी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि पाजणं थांबवू नका म्हणून सांगितलं. घरी आल्यावर कोकिळा मंजुळाबाईंना म्हणाली, "काकू, असं एकदम तोडत नसतात. पोरीले आना परत. आन् बंदच कराचं तं एक-एक वेळ कमी करा. एक सुटली, आंगाले सवय झाली, का मंग दुसरी. झोपाच्या वेळची सगळ्यात मांगून."

छकुली परत आली आणि आईला बिलगून अशी प्यायली की दोघींनाही रडू आलं. छातीतला कडकपणा गेला, ताप उतरला. मंजुळाबाई चुकलं वगैरे म्हणाल्या नाहीत. त्यांनी सढळ तूप घालून शिरा केला आणि वाटी सुनेपुढं ठेवून म्हणाल्या, "कर बापा तुह्या मनानं."

म्हणाल्या खऱ्या, पण बघणं काही थांबलं नाही. पोरगी ओरडली की सगळ्यांच्या माना वळायच्या. तेव्हा पुष्पांजलीनं एक युक्ती काढली. दुदू म्हणायचं नाही, 'गोष्ट' म्हणायचं, असं तिनं लेकीला पढवलं. पोर हुशार, लगेच शिकली. अंगणात येऊन "आई, गोत्त" म्हणायची. आई म्हणायची, चल सांगते. आणि दोघी खोलीत. लोकांना कौतुक वाटायचं, एवढ्याशा पोरीला गोष्टींचा केवढा नाद.

हे कौतुकच अंगाशी आलं. अर्जुनरावांना गोष्टी सांगायची हौस दांडगी आणि घरात ऐकणारं कोणी नव्हतं. नातीची हाक ऐकून ते एका संध्याकाळी म्हणाले, "माह्याजोळ ये, मी सांगतो." आणि तिला उचलून घेऊन गेले. छकुलीनं आधी थयथयाट केला. आपल्याला भलतंच काही देत आहेत, हे तिला कळत होतं. पण वांगी चोरायला आलेल्या कोल्ह्याचं शेपूट काट्यांच्या कुंपणात अडकलं, आणि ती रडायची थांबली. दुसऱ्या संध्याकाळी ती आपण होऊन आजोबांच्या मांडीवर जाऊन बसली.

संध्याकाळची वेळ अशी सुटली. पुष्पांजलीची छाती काही दिवस भरून यायची. ती न्हाणीघरात जाऊन हलकं वाटण्यापुरतं दूध काढायची, जास्त नाही. हळूहळू भरणंच कमी झालं. मग पहाटे आजोबांबरोबर शेळी सोडायला जाता जाता पहाटेचंही राहून गेलं. पावसाळ्यात दुपारचं गेलं, मग रात्रीतून उठणंही. मध्ये ताप आला तेव्हा छकुलीनं पुन्हा सगळ्या वेळा मागून घेतल्या, बरी झाल्यावर पुन्हा विसरली. राहिलं ते झोपतानाचं. दिवाळीच्या सुमारास एका रात्री आईनं हुक काढले, तर शेळीला थोपटावं तसं छकुलीनं तिथं थोपटलं, कूस बदलली आणि म्हणाली, "कोल्ह्याची सांग."

पुष्पांजलीनं कोल्ह्याची सांगितली. सुटल्यासारखं वाटेल, असं तिला इतके दिवस वाटत आलं होतं. आता मात्र आधी गलबलून आलं, आणि मग भीती वाटली. लेक झोपल्यावरही ती हुक न लावता तशीच पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं छकुलीला उचललं आणि सासूला ऐकू जाईल असं म्हणाली, "पाजून येतो इले." खोलीत जाऊन दार लोटलं. आधी गोष्ट म्हणून दूध चालायचं, आता दूध म्हणून गोष्ट. अख्खा हिवाळा असा गेला. अंबूबाईचे टोमणे परत सुरू झाले, मंजुळाबाई सुस्कारे सोडू लागल्या, आणि पुष्पांजली ते सगळं औषधासारखं गिळत राहिली. ज्या पाजण्याचा तिला वीट आला होता, त्याचंच ती आता सोंग करत होती.

पण आता छकुलीला खोलीत बसायचं नव्हतं. शेळी व्याली होती. अंगणात दोन करडं उड्या मारत होती आणि आजोबा हाका मारत होते.

"आई, सोड."

"थांब जरासाक. मंग जाय."

"नाही. सोड मले." आणि मग मोठ्यानं, "मले दुदू नाही पाहिजे!"

पुष्पांजलीनं झटकन तिच्या तोंडावर हात दाबला. छकुली धडपडली, आणि आईच्या हातावरून तिचे डोळे दिसू लागले. ते डोळे भ्यायले होते. आपल्याच लेकीला आपण कोंडून ठेवलंय, तिचं तोंड दाबून धरलंय, हे पुष्पांजलीला तेव्हा दिसलं. तिनं हात काढला. उठली आणि दार सताड उघडलं. छकुली धूम पळाली.

अंगणात मंजुळाबाई आणि अंबूबाई मिरच्यांचे देठ खुडत बसल्या होत्या. गोपाल बाजाराच्या पेट्या बांधत होता.

"झालं पाजून?" अंबूबाईनं विचारलं.

"नाही पाजत मी. दिवाळीतच सोडलं तिनं."

मंजुळाबाईंचे हात थांबले. मग त्यांचा चेहरा उजळला आणि त्यांनी लेकाकडे पाहिलं. "मंग आता..."

"आता काही नाही, आई." पुष्पांजली म्हणाली. "मांगच्या टायमाले मी मरत होतो. मले भेव वाटते. मले दुसरं नाही पाहिजे."

गोपालनं हातातली दोरी खाली ठेवली.

"असं होतं तं मले सांगितलं काऊन नाही?" तो म्हणाला.

"तुम्ही इचारलंच नाही," ती म्हणाली. "दूध तुटलं का, एवढंच इचारत होते सारे."