कानाचा बिल्ला

आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाई सहसा चिडत नाहीत. आज मात्र त्यांनी स्टाफरूममध्ये येऊन आम्हा शिक्षकांसमोर डस्टर टेबलावर आपटलं.

गेल्या महिन्यात शिक्षकांना प्रशिक्षण द्यायला आलेल्या एका साहेबांनी मुलांकडून प्रश्नावली भरून घेतली आणि बिल्ले वाटले, बघून शिकणाऱ्याला डोळ्याचा, ऐकून शिकणाऱ्याला कानाचा. ज्याचा जो बिल्ला, त्याला तसंच शिकवायचं म्हणे! बाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, "साहेब, हे संशोधनात तपासून झालंय. मुलांच्या आवडी असतात, पण आवडीप्रमाणे शिकवलं म्हणून कुणाला जास्त येत नाही."

"बाई, उगाच फाटे फोडू नका," हेडसरांनी विषय संपवला.

आज तासाला बाईंनी एका मुलीला भिंतीवरच्या नकाशात नदी दाखवायला सांगितली. ती जागची हलली नाही.

"बाई, मी कानवाली आहे. मला नकाशे जमत नाहीत."

"अगं, नकाशा सगळ्यांनीच बघायचा असतो आणि उच्चार सगळ्यांनीच ऐकायचे असतात! कसं शिकायचं ते विषय ठरवतो, बिल्ला नाही!"

मुलगी मान खाली घालून बिल्ला चाचपत राहिली.

"आणि तो नकाशा," बाई आम्हाला म्हणाल्या, "गेल्या वर्षी तिनेच काढलाय."