फोटोतली दुसरी डबी

निपाणीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांची एक लॅब आहे. तिथं पूर्णिमा बावीस वर्षं रक्त काढते आणि लघवी तपासते. गावात तिला कुणी 'टेक्निशियन' म्हणत नाही, सगळ्यांची ती पूर्णिमाआक्काच. शाळेतल्या पोरांपासून वकिलांपर्यंत सगळ्यांच्या शिरा तिला पाठ. माणूस रस्त्यात भेटला की तिची नजर आधी त्याच्या कोपराच्या खोबणीत जाते, मग तोंडाकडे.

कोरोनाच्या वर्षी लोकांनी लॅबमध्ये गर्दी करू नये म्हणून तिनं आपला नंबर दारावर लिहिला. कोरोना गेला, नंबर राहिला. आणि लोकांनी त्यावर फोटो पाठवायला सुरुवात केली. कसले? तर लघवीचे. सकाळी पूर्णिमा चहाचा कप हातात घेऊन मोबाईल उघडायची आणि स्क्रीनवर एकेक पिवळा नमुना हजर. कुणाचा स्टीलच्या वाटीत, कुणाचा काचेच्या ग्लासात, एका बहाद्दराचा तर लोणच्याच्या बरणीत, झाकणावरच्या आंब्याच्या चित्रासकट. तिच्या नवऱ्यानं चहाच्या वेळी तिच्या मोबाईलकडं बघणं कधीच सोडलं होतं.

ती हसायची, पण उत्तर प्रत्येकाला द्यायची. लाल झालीय म्हणून घाबरलेल्या बाईला विचारायची, "काल बीट खाल्लं व्हय?" रेडियमसारखी पिवळीधमक दिसते म्हणणाऱ्याला विचारायची, "ताकदीच्या गोळ्या चालू हायत?" गडद असेल तर पाणी वाढवा, सकाळची पहिली असेल तर गडद असणारच. फेस असेल तर बाटली कशानं धुतली ते सांगा. नव्वद टक्के वेळा बाटलीत साबण राहिलेला असायचा. आणि शेवटी ठरलेलं वाक्य: "फोटोवर निदान होत न्हाय. बल्ब पिवळा असला की दूधसुद्धा पिवळं दिसतंय. ताजा नमुना घेऊन या."

तिच्या या ग्राहकांत सगळ्यात निष्ठावान होते बोरगावचे आण्णाप्पा गुरुजी. सदतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर तपासायला वह्या उरल्या नाहीत, तेव्हा ते स्वतःलाच तपासू लागले. आठवड्यातून तीनदा तरी त्यांचा फोटो यायचा, खाली तारीख, वेळ आणि शेरा: 'काल जेवणात मेथी. आज छटा किंचित गडद. अभिप्राय कळवावा.' पूर्णिमा अभिप्राय कळवायची. एकदा तिनं चेष्टेनं लिहिलं, 'गुरुजी, दहापैकी आठ.' तर गुरुजींचा फोन आला, दोन गुण कशाचे कापले म्हणून.

फोटो तरी धड यावेत म्हणून तिनं त्यांना लॅबमधल्या झाकणाच्या चार कोऱ्या डब्या देऊन ठेवल्या होत्या. वर बजावलं होतं, "आन् नमुना लगेच आणता येत नसंल तर थंड जागी ठेवा." गुरुजी आज्ञाधारक माणूस. त्यांनी भरलेली डबी फ्रिजमध्ये ताकाच्या भांड्याशेजारी ठेवली. त्या दिवसापासून त्यांच्या बायकोनं, जयाबाईंनी, ताक पिणं बंद केलं.

गेल्या वैशाखातली गोष्ट. सकाळी सात वाजता पूर्णिमाच्या मोबाईलवर गुरुजींचे दोन फोटो आले. पहिल्याखाली वेळ होती सहा दहा, दुसऱ्याखाली सहा चाळीस. खिडकीत पांढऱ्या कागदावर दोन डब्या शेजारी शेजारी. उजव्या डबीवर लाल शाईनं गोल आणि खाली मजकूर: 'उजवीकडील नमुना माझा. अत्यंत गढूळ! तळाशी साका. डावीकडील तुलनेसाठी सौ.चा. प्रयोगात तुलनेचा नमुना हवाच. मूत्रपिंडे गेली काय? तातडीने कळवावे.'

पूर्णिमाला हसू आवरेना. तिनं फोन लावला.

"गुरुजी, तुमची डबी फ्रिजमधली काय?"

"व्हय. पहाटे चारला घेतलेली. शीतगृहात नीट ठेवली होती."

"मग गढूळ होणारच की. थंडीत त्यातले क्षार खाली बसत्यात. डबी कोमट पाण्यात धरा. निवळली तर क्षार. न्हाय निवळली तर जंतू, पू, काय बी असू शकतंय, मग तपासू. जळजळ, ताप काय हाय?"

"छे. प्रकृती ठणठणीत."

"आन् पाणी किती पिता?"

गुरुजींनी खरं ते सांगून टाकलं. रात्री उठावं लागतं म्हणून ते संध्याकाळनंतर पाण्याला शिवत नव्हते.

"घ्या! विज्ञानाचा माणूस आन् पाण्याला भिताय."

ती फोन ठेवणार, तेवढ्यात तिची नजर पुन्हा फोटोवर गेली. लाल गोलाच्या बाहेर, जिकडं बघायला कुणी सांगितलं नव्हतं तिकडं. डावी डबी दिसायला छान होती, फिकट पिवळी, आरपार. फक्त वर फेस होता. बारीक बुडबुड्यांचा, दाट, ताज्या उसाच्या रसावर येतो तसा. 'साबण', तिच्या मनानं सवयीनं उत्तर दिलं. मग तिच्या लक्षात आलं की डबी तिनंच दिलेली आहे, कोरी, सीलबंद. दोन्ही डब्या एकाच पाकिटातल्या. साबण असता तर दोन्हीत असता.

जोरात धार पडली की फेस येतो, हे तिला ठाऊक होतं. पण तो पाच-दहा मिनिटांत विरतो. तिनं दुसरा फोटो उघडून मोठा केला. अर्धा तास उलटला होता. फेस तसाच होता, कडेला चिकटून.

तिचा चहा गार झाला.

"गुरुजी," ती हळू आवाजात म्हणाली, "काकूंना घेऊन या आज. तुमचं मागनं बघू."

"तिला? तिला काय झालंय? ती तर तुलनेसाठी..."

"तेच तर. घेऊन या."

दहाच्या सुमाराला दोघं आली. गुरुजींच्या हातात पिशवी, पिशवीत वही. जयाबाई गुडघ्यावर हात ठेवत पायऱ्या चढल्या आणि बाकावर बसल्या बसल्या सुरू झाल्या.

"मला काय बी न्हाय गं पोरी. ह्यांच्या नादानं माझी डबी भरली मी. पहाटे उठवलं बघ, म्हणत्यात विज्ञानाला मदत कर. चाळीस वर्षं भाकरी थापून मदत केली, ती पुरी पडंना."

"काकू, आणखी एकदा करा मदत," पूर्णिमा म्हणाली. "पहिली धार सोडायची, मधली घ्यायची."

नमुना आला. पूर्णिमानं त्यात रंगीत चौकोनांची तपासणीची पट्टी बुडवली, बाहेर काढून डबीच्या कडेला निथळली आणि ठरलेली सेकंदं मोजली. प्रोटीनचा पिवळा चौकोन हिरवा होत गेला. पट्ट्यांच्या बाटलीवरच्या रंगांशी ताडून पाहिलं तर तीन अधिक, म्हणजे प्रोटीन बरंच जात होतं. साखरेच्या चौकोनाचा रंग मात्र हलला नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पू-पेशी नव्हत्या, म्हणजे जंतूंचं लक्षण नाही. तिनं जयाबाईंच्या दंडाला पट्टा बांधून प्रेशर घेतलं. एकशे अडुसष्ट, खाली अठ्ठ्याण्णव. पाच मिनिटं गप्प बसवून पुन्हा घेतलं. तेवढंच.

"काकू, प्रेशर कधी बघितलंतं?"

"कशाला? माझं डोकं दुखत न्हाय, चक्कर न्हाय. पाय तेवढं संध्याकाळी सुजत्यात. चपलेचा पट्टा रुतला की समजतंय."

"आन् गुडघ्यासाठी काय घेता?"

जयाबाईंनी पदराच्या गाठीतून गोळ्यांची पट्टी काढली. दुखणं थांबवायची गोळी, मेडिकलवाला मागितली की देतो. रोज एक, कामाच्या दिवशी दोन. किती वर्षं? जयाबाईंनी हिशेब सांगितला तो धाकट्या लेकीच्या लग्नापासूनचा. लेकीचा मुलगा आता पाचवीत होता.

गुरुजी वही उघडून बसले होते. आपल्या तब्येतीची दोनशे पानं त्यांनी भरली होती, बायकोच्या गोळीची एक ओळ त्यात नव्हती. त्यांनी वही हळूच मिटली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.

"कुठंतरी चुकलं माझं," ते म्हणाले.

"चुकलं न्हाय," जयाबाई म्हणाल्या. "तुमचं लक्ष उजवीकडं होतं, एवढंच."

पूर्णिमानं समजावलं, की मूत्रपिंड म्हणजे चाळण. चाळणीची भोकं सैल झाली की अंगातलं प्रोटीन खाली गळतं आणि त्याचाच फेस धरतो. प्रेशरनं, साखरेनं, असल्या गोळ्यांनी, कशानंही होतं. पण एका पट्टीवर ठरवायचं नाही. ताप असला, दमणूक झाली तरी एखाद्या वेळी दिसतं. म्हणून तिनं त्यांना त्याच दिवशी गावातल्या डॉक्टर नागेंद्रांकडं पाठवलं. रक्ताची तपासणी झाली, पहाटेच्या पहिल्या लघवीत प्रोटीनचं प्रमाण मोजलं गेलं, पोटाची सोनोग्राफी झाली. प्रोटीन खरंच जात होतं. पण मूत्रपिंडाचं काम अजून बऱ्यापैकी शाबूत होतं. "वेळेत आलात," डॉक्टर म्हणाले. त्यांनी दुखण्याची गोळी बंद केली, प्रेशरची चालू केली, आणि लोणचं-पापडावर बंदी घातली. गुडघ्यांसाठी व्यायाम दिला.

बंदीचं पालन करून घ्यायला घरात हेडमास्तर होताच. गुरुजींनी मिठाची बरणी वरच्या फळीवर ठेवली आणि भिंतीवर तक्ता लावला: तारीख, प्रेशर, पायाची सूज, व्यायाम. सही पालकाची. जयाबाई वैतागल्या. "अवो, मी काय सातवीत हाय?" म्हणाल्या, पण रोज सकाळी दंड पुढं करायच्या. गुरुजी त्यांच्यासोबत खुर्चीत बसून गुडघे सरळ करायचे, एक-दोन-तीन मोजत. पाणीसुद्धा मोजून प्यायला लागले. साका बसणं थांबलं, पण त्याचा फोटो काढायला त्यांना आता सवड नव्हती.

तीन महिन्यांनी दोघं पुन्हा लॅबमध्ये आली. पट्टीवरचा चौकोन या वेळी जेमतेम हिरवट झाला. एक अधिक. प्रेशर एकशे बत्तीस. पूर्णिमा एवढी खूश झाली, की रिपोर्ट लिहिताना तिनं जयाबाईंचं नाव दोनदा लिहिलं.

"अजून तपासत राहायचं, काकू. गोळी मनानं सोडायची न्हाय."

"सोडत न्हाय. ह्यांनी सोडू दिली तर ना." जयाबाई उठल्या, मग पुन्हा बसल्या. "पोरी, तुझं वय काय गं?"

"अठ्ठेचाळीस."

"तुझं तू कधी बघितलंस?"

पूर्णिमा रिपोर्टची घडी घालायला लागली. बावीस वर्षांत तिनं सगळ्या निपाणीच्या लघव्या पाहिल्या होत्या, फक्त स्वतःची सोडून. दुपारचं जेवण ती चार वाजता जेवायची, पाण्याची बाटली सकाळी भरून संध्याकाळी तशीच घरी न्यायची.

"वेळ कुठं मिळतोय, काकू?"

"आत्ता मिळतोय," जयाबाई म्हणाल्या आणि मांडणीवरची एक कोरी डबी उचलून तिच्या हातात ठेवली. "जा. पहिली धार सोडायची, मधली घ्यायची."

बाकावरचे दोन पेशंट हसले. गुरुजी घाईघाईनं छताकडं बघायला लागले. पूर्णिमा लाजली, पण गेली. परत आली तेव्हा जयाबाई टेबलाशी उभ्या होत्या, चष्मा लावून. दोघींनी मिळून पट्टी बुडवली, दोघींनी सेकंदं मोजली. प्रोटीनचा चौकोन पिवळाच राहिला. साखरही नाही.

जयाबाईंनी डबी उजेडात धरली. रंग पाहून भुवया वर केल्या.

"हे गं काय? गुळाचं पाणी हाय जणू," त्या म्हणाल्या. "अवो, त्या पोरीला तांब्याभर पाणी द्या बघू आधी."