दोनदा बघणारा माणूस

नातेवाईक त्याला ‘दोनदा’ म्हणत, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. घराला कुलूप लावलं की तो ते ओढून बघे, जिना उतरे, पुन्हा वर जाऊन ओढे. गॅसची तीच गत. बायको खाली उभी राहून म्हणे, “अहो, एक दिवस कुलूप हातात येईल तुमच्या!” पण त्याचा धंदाच तसा होता. तो लिफ्टचा मेकॅनिक. दुरुस्ती झाली की आधी स्वतः एकटा वर जायचं, खाली यायचं, परत वर जायचं आणि मगच लोकांना आत घ्यायचं, हा नियम त्याने आयुष्यभर पाळला. सांगून रागवायचं नाही आणि रागावून सांगायचं नाही, असा गप्प माणूस. एकदाच काय तो भडकला, आणि तेव्हा मात्र दोनदा बघितलं नाही.

लेकीने स्वतःच्या मनाने लग्न केलं त्या दिवशी तो म्हणाला होता, “या घरात तिचं नाव निघायला नको.” बायकोने मान खाली घातली. घराने शब्द पाळला. मोडला तो, त्याला वाटे, फक्त ज्याने दिला होता त्याने.

लेकीचा नंबर त्याने फोनमधून काढला नव्हता. ती स्टेटस टाकायची. कधी खिडकीतलं रोप, कधी करपलेली कढई, कधी आखूड केलेले केस. दुसऱ्या दिवशी ते गायब व्हायचं, हे एकदा कळल्यावर त्याचा जीव वरखाली होऊ लागला. मग कामावरच्या एका पोराला बघून तो दोन बटणं एकदम दाबून स्क्रीनचा फोटो काढायला शिकला. दुपारी डबा खाऊन झाला की लिफ्टच्या मशीनरूममध्ये बसायचं, फोनचा आवाज पार बंद करायचा, बटणं दाबायची. चार वर्षांतली लेक अशी त्या जुन्या फोनमध्ये गोळा झाली होती. बायकोला पत्ता नाही, अशी त्याची खात्री होती.

आता तो फोन विकायचा होता. बॅटरी फुगली होती, मागचं झाकण उचललं होतं. नवा फोन परवाच आला, त्यात त्याचं अकाउंट घातलं आणि क्लाउडमधले फोटो आपोआप दिसू लागले. पुतण्याचं लग्न होतं, लिफ्टच्या पॅनलमधल्या तारा होत्या, दुखणाऱ्या दाताचासुद्धा फोटो होता. लेक नव्हती.

येतील हळूहळू, म्हणून त्याने वाट बघितली. जुना फोन चार्जिंगला लावून ठेवला. त्यावर हिरवी खूण होती, ‘बॅकअप पूर्ण’. ती खूण बघून तर तो जास्तच बेचैन झाला. पूर्ण कसला? धड जेवेना, धड बसेना. एकट्याने जुन्या फोनच्या दुकानात जाऊन विचारावं तर बायको पदर खोचून तयार. “तुम्हाला भाव करता येत नाही. मी येते.” नवा फोन आल्यापासून ती असंही त्याच्या शेजारून हलत नव्हती, दोघांनी मिळून शिकायचं म्हणून. त्यामुळे दोन दिवस त्याला स्टेटस बघायलाही सवड मिळाली नव्हती.

दुकान अरुंद होतं. काउंटरच्या काचेखाली कव्हरं, मागे जुने फोन ओळीने मांडलेले. दुकानदारीण पंचविशीची, चष्मा डोक्यावर चढवलेली. तिने फोन उलटसुलट करून बघितला, भाव सांगितला, बायकोने तो वाढवून घेतला. मग दुकानदारीण म्हणाली, “काका, फोटोंचा बॅकअप पूर्ण दिसतोय. आता अकाउंट काढते, म्हणजे पुढच्याला फोन कुलूपबंद मिळायचा नाही. मग सगळं पुसते.”

“सगळे फोटो गेलेत ना वर?”

“हो, कॅमेऱ्याचे सगळे.”

तो काउंटरवर वाकला. “आणि कॅमेऱ्याचे नसलेले?”

“म्हणजे स्क्रीनशॉट, कोणी पाठवलेले, असले? त्यांचे फोल्डर वेगळे असतात. ते आपणहून वर जात नाहीत, एकेका फोल्डरचा बॅकअप चालू करावा लागतो. आहेत का असले ठेवायचे?”

“कसले असणार?” बायको म्हणाली. “चुकून बटण दाबलेले असतील.”

हो म्हणावं तर फोल्डर इथेच, बायकोच्या नाकासमोर उघडणार. नाही म्हणावं तर पुसलं जाणार, आणि पुसलेलं परत येत नाही. स्वतःचाच शब्द असा बोकांडी बसला होता. ‘नाही’ म्हणायला त्याने तोंड उघडलंही.

दुकानदारीण थांबली नाही. सेटिंग्ज, अकाउंट, ‘काढून टाका’. फोनने विचारलं, नक्की का? तिचा अंगठा खाली येणार तोच त्याने पंजा स्क्रीनवर आपटला.

“थांबा. परत बघू.”

“सुरू झालं यांचं!” बायको म्हणाली.

“ते स्क्रीनशॉटचं फोल्डर उघडा,” तो म्हणाला.

फोल्डर उघडलं. रोप, कढई, आखूड केस. पावसात भिजलेली स्कूटर. नोकरीचं ओळखपत्र गळ्यात घालून हसणारी लेक. काही हललेले, काहींवर बॅटरी संपत आल्याची सूचना. दुकानदारीण सरकवत गेली तरी संपेनात. तो काचेखालच्या कव्हरांकडे बघत राहिला. मान वर करायची हिंमत नव्हती.

बायको दुकानदारणीला म्हणाली, “बाई, या फोल्डरचा बॅकअप चालू करा. एकही राहायला नको.” आणि त्याच्याकडे वळून, “स्टेटस कोणी बघितलं ते टाकणाऱ्याला दिसतं, माहीत आहे का तुम्हाला?”

“काय दिसतं?”

“नाव दिसतं. रोज दुपारी तुमचं असतं, तिनेच सांगितलंय. काल तिचा फोन आला होता मला. म्हणाली, आई, दोन दिवस बाबांचं नाव नाही, बरे आहेत ना?”

चार वर्षं तो चोरपावलांनी जात होता आणि ती दार उघडं ठेवून बसली होती. लाज वाटली. लाजेपेक्षा जास्त काहीतरी वाटलं, ते त्याला सांगता आलं नसतं.

“तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, फोन बदलताहेत. आता डोळे पुसा आणि मोजा, सगळे आले का.”

दुकानाच्या वायफायवर फोटो वर जाऊ लागले. तो नव्या फोनवर एकेक येताना बघत होता, जुन्याशी पडताळत होता. पहिला होता, शेवटचा होता. मग मधले. मग पुन्हा पहिल्यापासून. दुकानदारणीने दुसरं गिऱ्हाईक केलं, तिसरं केलं. बायको आज काही बोलली नाही.

“आता पुसू?” शेवटी दुकानदारणीने विचारलं.

“पुसा,” तो म्हणाला.

जुना फोन काळा झाला. त्याने नव्या फोनवर स्टेटस उघडलं, बायकोसमोर, भर दुकानात. आजचा व्हिडिओ होता. सवयीने बोट आवाज बंद करायला गेलं. बायकोने ते बाजूला केलं आणि आवाज वाढवला.

लेक जिना चढत होती, धापा टाकत. “अर्ध्या रस्त्यातून परत आलेय, गॅस बंद केला का बघायला,” ती हसत सांगत होती. “बंदच असणार. आता खाली जाईन आणि परत एकदा येईन. बाबांवर गेलेय ना!”