किलोमीटरमागे किती

बायको गेली त्याच्या तिसऱ्या महिन्यात मी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. मुलीचा आग्रह होता. ती पुण्यात असते. "बाबा, पेट्रोल भरायला रांगेत उभं राहायला नको, आवाज नाही, खर्च तर काहीच नाही," असं ती फोनवर सांगत राहिली. मलाही काहीतरी बदलायला हवंच होतं. जुनी पेट्रोलची स्कूटर देऊन वर ऐंशी हजार भरले. अवधपुरी कॉलनीतल्या आमच्या बैठ्या घराच्या पोर्चमध्ये चार्जिंगसाठी सॉकेट आणि छोटं सबमीटर बसवलं. मी कारखान्यात जन्मभर इलेक्ट्रिकलचं काम केलं, तेव्हा ते माझं मीच बसवलं.

वर्ष झालं तसा मुलीचा फोन आला. जावयांनाही तशीच गाडी घ्यायची होती. "तुमचा खरा अनुभव सांगा. किलोमीटरमागे किती पडलं?"

मी दुपारी बसलो. जुन्या गाडीचं मला पाठ होतं. गावातल्या गावात लिटरला त्रेचाळीसच्या आसपास जायची, म्हणजे किलोमीटरला अडीच रुपये पेट्रोल. ऑइल, फिल्टर, सर्व्हिसिंग धरून आणखी चाळीस पैसे. नवीची रिकामी बॅटरी पूर्ण भरायला सबमीटरवर साडेतीन युनिट पडत, चार्जरमध्ये वाया जाते ती वीजही त्यातच आली. तेवढ्यात पंच्याऐंशी किलोमीटर. युनिटला सात रुपये धरले तरी किलोमीटरला तीस पैशांच्या आतच. सर्व्हिसिंगला वर्षात नऊशे रुपये लागले होते. ते किलोमीटरवर वाटायला एकूण धाव हवी, म्हणून पोर्चमध्ये जाऊन गाडी चालू केली.

बाराशेला थोडे कमी.

मला वाटलं, आकडा चुकीचा दाखवतेय. आधीच्या वर्षी जुन्या गाडीवर सात हजारांच्या वर झाले होते. मी निवृत्त झाल्यापासून बायकोला अशोका गार्डन भागातल्या तिच्या शाळेत सोडायचो, परत यायचो, दुपारी पुन्हा आणायला जायचो. दिवसाचे तीस किलोमीटर तिथेच होत. येताना ती मागे बसून वर्गातलं सांगायची. वाऱ्यात अर्धं ऐकू यायचं नाही, तरी मी हं हं करायचो. आता दूध, भाजी, बँक, औषधं. सगळं कॉलनीच्या आसपास.

नऊशे रुपये बाराशे किलोमीटरवर वाटले की पाऊण रुपया. म्हणजे विजेपेक्षा सर्व्हिसिंगच महाग. तरी सगळं मिळून किलोमीटरला रुपया आणि थोडे पैसे. पेट्रोलच्या निम्म्याहून कमी. मुलीला तेच सांगितलं. ती खूश झाली. "म्हणजे फायदाच ना?"

"जावईबापू रोज किती चालवतात?"

"चाळीस तरी."

"मग घ्या. तुम्हाला परवडेल."

"आणि तुम्हाला?"

मी म्हटलं, "मलाही." पण फोन ठेवल्यावर उरलेला हिशेब केला. वर्षाला वाचले दोन-सव्वादोन हजार. ऐंशी हजार निघायला पस्तीस-छत्तीस वर्षं. बॅटरी तोवर टिकणार नाही, मीही नाही. पैशांचं दुःख नव्हतं. वर्षभरात मला कुठे जायचंच नव्हतं, हे त्या आकड्याने मला पहिल्यांदा स्पष्ट सांगितलं. त्या संध्याकाळी स्वयंपाक केला नाही.

समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक नागपूरकडची मुलगी राहते. मंडीदीपच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात टेक्निशियन आहे. रोज जाऊन-येऊन पस्तीस किलोमीटर, पेट्रोलवर. गेटपाशी भेटली तेव्हा मी विचारलं, "इलेक्ट्रिक का नाही घेत?"

"काका, घेतली तर चार्ज कुठे करू? पार्किंगमध्ये पॉइंट नाही, सोसायटीवाले परमिशन देत नाहीत. आणि नवी घ्यायला एवढे पैसे एकदम कुठून आणू?"

मी तिला माझी गाडी दाखवली, सबमीटर दाखवलं. वर्षाला तिचे दहा हजार किलोमीटर तरी होणार. वीस हजारांच्या वर वाचतील. आठवडाभर विचार करून ती आली. तिची पेट्रोलची गाडी मी घेतली, माझी तिने, वरचे पैसे हप्त्याने. कागद आरटीओत दोघांनी आपापल्या नावावर रीतसर बदलून घेतले. चार्जिंग माझ्याच पोर्चमध्ये, सबमीटरच्या युनिटप्रमाणे पैसे.

माझ्या मुलीला हे आवडलं नाही. "बाबा, पुन्हा पेट्रोल?"

"महिन्याला दोन-तीन लिटरच तर लागतं," मी म्हटलं. तेव्हा ती म्हणाली, "दिवाळीला येते."

आता एक दिवसाआड संध्याकाळी फाटक वाजतं. समोरची मुलगी गाडी लावते, प्लग घालते, "काका, लावली हं," म्हणते आणि घाईत निघून जाते. दमलेली असते. चहाचं मी दोनदा विचारलं, दोन्हीदा "आज नको" म्हणाली, तेव्हा विचारणं सोडलं. चार्जरचा पंखा बारीक घरघरत राहतो आणि मी दिवा न लावता पुढच्या खोलीत बसून असतो. सकाळी ती माझ्या उठण्याआधी गाडी घेऊन गेलेली असते.