रेषेतला उंचवटा

धायरीच्या आमच्या शाळेला व्हिडिओ चॅनेल हवं, असं संस्थेच्या अध्यक्षांनी ठरवलं. मराठीच्या मास्तरला वेळच वेळ असतो अशी एक समजूत आहे, त्यामुळे ते माझ्या गळ्यात पडलं. मदतीला कॉलेजची एक इंटर्न मिळाली. कोणता व्हिडिओ किती जणांनी उघडला, कुठपर्यंत पाहिला, बघणारे कुठून आले, याचा अहवाल ती दर महिन्याला लिही. अध्यक्ष त्यातला पहिला आकडा वाचत.

त्या महिन्यात स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ सगळ्यांत वर होता. मुख्याध्यापिकांच्या खोलीत इंटर्नने लॅपटॉप अध्यक्षांकडे आणि आमच्याकडे वळवला. किती जण बघत राहिले ते दाखवणारी रेषा अध्यक्षांच्या भाषणाशी पायरी चुकल्यासारखी खाली आली होती.

"इथे लोक पुढे ढकलतात," ती निरागसपणे म्हणाली. मुख्याध्यापिकांना खोकला आला. "पण हा स्पाइक बघा, हा उंचवटा. एवढाच भाग लोक परत परत बघतायत. याची शॉर्ट, म्हणजे वेगळी छोटी क्लिप करा, असं मी सुचवलंय."

"मंग करा की!" अध्यक्ष म्हणाले.

"आहे काय तिथे?" मी विचारलं.

तिने रेषा पाहिली होती, व्हिडिओ नाही. तिने तो लावला. माझ्याच वर्गातली, सातवीतली मुलगी भाषण विसरून उभी होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग ती रडायला लागली आणि मागून हशा आला. संमेलनानंतर ती शाळेत आलीच नव्हती. ताप आहे, असं आईने कळवलं होतं, आणि मला ते पटलं होतं.

"हे प्रेक्षक आले कुठून?"

"बाहेरच्या लिंकवरून, सर. म्हणजे..." इंटर्नचा चेहरा उतरला. "कुणीतरी मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेली दिसतेय."

"अहो सर, पोरं हसतातच," अध्यक्ष म्हणाले. "चॅनेल चाललंय ना?"

"चाललंय. पोरगी यायची थांबलीय."

अध्यक्षांनी पहिल्या आकड्यावर बोट ठेवलं. "तेवढं कापलं तर आकडा जाईल का?"

"नाही, व्ह्यूज राहतात," इंटर्न म्हणाली.

"मंग कापा."

परवानगी अशी मिळाली. इंटर्नने तो तुकडा कापला. बदल व्हायला वेळ लागतो, तोवर जुनंच दिसणार, असं ती म्हणाली. आम्ही चहा घेतला. मध्येमध्ये ती व्हिडिओ उघडून बघे आणि मान हलवे. अखेर तो भाग गेला, तेव्हा मी मुलीच्या घरी फोन लावला. आईने तो मुलीकडे दिला.

"बाळ, तेवढं काढून टाकलंय. उद्यापासून ये."

"सर, कुणी कुणी पाहिलं, ते कळतं का तुम्हाला?"

मी इंटर्नकडे पाहिलं. "किती जणांनी, तेवढंच कळतं," ती हळूच म्हणाली. मी तेच फोनवर सांगितलं.

"मग वर्गात मी बसू कुणाशेजारी?" तिने विचारलं.